घर तुझंच आहे, पण

चूक माझ्या जिभेची होती. धाड गावाहून आत्याचा फोन आला, मोतीबिंदूचं ऑपरेशन आमच्या चिखलीत करायचं ठरलंय म्हणाली, आणि मी सवयीनं बोलून गेलो, "ये ना मग, घर तुझंच आहे." आमच्याकडे हे वाक्य पाहुण्याला पाणी द्यावं तसं दिलं जातं. आत्यानं ते खरं धरलं. "महिना-दीड महिना तरी थेंब घालावे लागतात म्हणे. तोवर राहीन," ती म्हणाली.

फोन ठेवला तेव्हा बायको समोरच उभी होती. तिच्या आईचं आजारपण आमच्याच पुढच्या खोलीतल्या खाटेवर झालं होतं. हगणंमुतणं, औषधं, रात्रीची जागरणं, सगळं तिनं एकटीनं काढलं, आणि दिवाळीच्या आधी आई गेली. बायको चिडली नाही. खाटेकडे बघत एवढंच म्हणाली, "आत्याबाई चांगल्या हायेत. पण त्या खाटेवर एवढ्यात पुन्हा कोणाची उशी लावणं मले नाही होत."

नाही म्हणायला हवं होतं, आणि ते फोनवर म्हणायची सोय नाही. फोनवर नाही म्हटलं की संबंध तोडला असं धरतात. समोर बसून, तिच्या घरचा चहा पिऊन म्हणावं लागतं. रविवारी काळीपिवळी जीपमध्ये बसलो आणि धाड येईपर्यंत मनात कारणं जुळवत राहिलो. एकही धड वाटेना. शेजारच्याचा कोपर बरगडीत रुतत होता, त्याचाही राग येत होता.

आत्यानं चहा ठेवला. तिची सून ओसरीत वांग्यांची प्रतवारी करत बसली होती, किडकी एकीकडे, बाजारची एकीकडे. मी पाण्यापासून सुरुवात केली. "आत्या, आमच्याकडे नळ आठ-आठ दिवस येत नाही."

"मले कुठं डोक्यावरून आंघोळ करायची हाय? डॉक्टरनंच मना केलं."

"जागाही लहान आहे."

"मी खाली झोपीन."

"आम्ही दोघंही दिवसभर बाहेर असतो."

"डबा झाकून ठेवजा. खाईन मी."

आता माझ्या लक्षात आलं की कारण दिलं की ती त्याच्यावर उपाय देणार, आणि उपाय मान्य केला की मी संपलो. चहा निवून गेला होता. मी जे होतं ते सांगून टाकलं. सासूबाईंचं, खाटेचं, उशीचं. "तिला अजून जमत नाही, आत्या. राहायला नको येऊस. ऑपरेशनला मी नेतो, दुसऱ्या दिवशी पट्टी काढली की गाडी करून घरी आणतो. पुढच्या तपासणीलाही मीच नेईन. एवढं नक्की करतो."

आत्यानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "बरोबर हाय तिचं," ती म्हणाली. "तिले म्हणा, मले राग नाही. पण मंग थेंब कोण घालन? इथं तर सारे सकाळीच वावरात जातात."

"मी घालीन ना," ओसरीतून सून म्हणाली. हातातलं वांगं तसंच होतं. "वावरात उशिरा जाईन, दुपारी येऊन जाईन. चुलीपाशीही बसू देणार नाही त्यायले. मले कोणी इचारलं काय?"

खरंच कोणी विचारलं नव्हतं. आत्यानं आणि मी फोनवर सगळं ठरवलं होतं, आणि जी रोज तिला भाकर वाढते तिला कुणी हिशेबातच धरलं नव्हतं. मी जरा जास्तच मोकळा हसलो, आणि सुनेला थेंबांच्या वेळा समजावत बसलो, जसं काही मीच डॉक्टर.

आत्या मात्र खाली मान घालून चहाचे कप गोळा करत होती. मला वाटलं, ऑपरेशनची भीती असेल.

निघताना ती रस्त्यापर्यंत सोडायला आली. काळीपिवळी भरायची होती. ड्रायव्हर चिखली-चिखली ओरडत होता. आत्यानं माझी बाही धरली.

"सून घालन थेंब. चांगली हाय ते," ती हळू म्हणाली. "डोळ्याचं निमित्त होतं रे. तुहा बाप गेल्यापासून माहेर म्हणून कुठं राह्यलीच नाही मी. म्हटलं, या निमित्तानं राहीन चार दिवस."

यावर उपाय माझ्याकडे नव्हता. 'मग ये' हे दोन शब्द तोंडाशी आले, आणि खाटेकडे बघत उभी राहिलेली बायको डोळ्यांपुढे आली. मी आत्याचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला, ड्रायव्हरनं दोनदा हाक मारेपर्यंत. पण 'ये' म्हणालो नाही.