प्रेस बंद, शिक्के चालू

मामांची कापसाची जिनिंग दर्यापूरच्या रस्त्यावर होती आणि मी अमरावतीहून एलएल.बी. होऊन तिथं मॅनेजर म्हणून चिकटलो होतो. कोर्टात उभं राहायची छाती नव्हती, पण शिकलेला कायदा पोटात मावत नव्हता. तो कुठंतरी सांडायलाच पाहिजे होता. शेवटी तो मी मामांच्या खरेदीच्या ऑर्डरवर सांडला.

मामा आजवर ऑर्डर फोनवर देत आले होते. मी छापील फॉर्म काढला आणि त्याच्या पाठीमागं एकवीस अटी टाकल्या. अक्षर इतकं बारीक की मलाच भिंग लागायचं. बारीक छापलं की भारदस्त वाटतं, अशी माझी समजूत होती. 'मशीन बिघडल्यास विकणाऱ्यानं आपला फिटर आमच्या जागेवर, आपल्या खर्चानं पाठवावा' ही माझी सगळ्यात लाडकी अट. तिच्या खालोखाल 'वाद फक्त अमरावतीच्या कोर्टात'. मामांनी फॉर्म उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला आणि चष्मा सापडत नाही म्हणून परत दिला.

त्या वर्षी सरकी काढलेल्या रुईच्या गठाणी बांधायची प्रेस नवी घ्यायची ठरली. अकोल्यात एक वर्कशॉप होतं. त्याचे मालक मामांच्या वयाचे, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. मी ऑर्डर पाठवली. चाचांकडून उलट ऑर्डर मिळाल्याची पोच आली, आणि बघतो तर काय, तिच्याही पाठीमागं अटी! 'बिघडलेला भाग घेणाऱ्यानं खोलून आमच्या वर्कशॉपमध्ये आणून द्यावा. वाद फक्त अकोल्याच्या कोर्टात.' माझं डोकंच फिरलं. माझा फॉर्म त्यांनी वाचला नाही याचा राग नव्हता, त्यांच्या अटी माझ्यापेक्षा दोन जास्त होत्या याचा होता.

मी रजिस्टर पोस्टानं कळवलं की आमच्याच अटी लागू राहतील. त्याला उत्तर आलं नाही. मात्र चाचांनी आमचा ॲडव्हान्स घेतला, काम सुरू केलं आणि प्रेस ट्रकवर चढवून पाठवून दिली. मी मिशीला पीळ दिला. पण ट्रकसोबत जे चलन आलं, त्यावर पुन्हा शिक्का: 'माल पाठीमागील अटींवर'. तेव्हा मीसुद्धा एक शिक्का बनवून ठेवला होता. त्यांच्या चलनावर, त्यांच्या शिक्क्याच्या बरोबर डोक्यावर मी तो हाणला: 'आमच्याच अटी लागू'. ड्रायव्हर बिचारा खालीच बसून माझा सोहळा बघत होता. मग प्रेस उतरवली, बसवली, चालू केली. गठाणी धडाधड निघायला लागल्या आणि अटींचं नाव कुणी काढलं नाही.

कापूस त्या वर्षी आधीच कमी होता. पावसानं एकदा मारलं होतं, बाजारभावानं दुसऱ्यांदा. गावोगावी शेतकऱ्यांच्या वाईट बातम्या होत्या, आणि फाटकाशी लागणारी कापसाची प्रत्येक बैलबंडी मामा स्वतः उभं राहून आत घ्यायचे. आदल्या दोन हंगामांत हात पोळले होते. हाही गेला तर जिनिंग विकायची, हे त्यांनी घरात सांगून ठेवलं होतं.

अशात ऐन हंगामात प्रेसच्या सिलिंडरला तडा गेला. तेलाचं कारंजं उडालं आणि प्रेस बसली. प्रेस बसली की रुई बांधता येत नाही, रुईचा हॉल भरतो, आणि हॉल भरला की मागची सरकी काढणारी सगळी जिन यंत्रं बंद करावी लागतात.

आमच्या मिस्त्रीनं पाने घेतले. मी आडवा झालो. म्हटलं, खबरदार! सिलिंडर खोलून अकोल्याला नेला, म्हणजे त्यांची अट आपण मान्य केली. फिटर इथंच आला पाहिजे. मी चाचांना तसं ठणकावून कळवलं आणि वाट बघत बसलो. फिटर काही आला नाही. हॉलमध्ये रुई खिडकीपर्यंत चढली. मामा एकदा हॉलच्या दाराशी उभे राहून गेले. मग मात्र मी फाईल काखेत मारून अकोला गाठलं.

चाचांनी चहा मागवला आणि स्वतःची फाईल काढली. माझ्यापेक्षा जाड. आम्ही दोघांनी टेबलावर कागद मांडले. माझं पत्र, त्यांची पोच, त्यांचं चलन, माझा शिक्का. आमच्या प्रेससाठीचा सिलिंडर बाजूलाच पडला होता, नवाकोरा, तयार! मी बघतच राहिलो.

"मग पाठवला काहून नाही?" मी विचारलं.

"बेटा, मेरा आदमी तुम्हारे यहाँ आया तो तुम्हारी शर्त, तुम यहाँ आये तो मेरी," चाचा म्हणाले. "तुमने सिखाया, हमने सीखा."

मी त्यांच्यापुढं आरसा धरायला गेलो होतो आणि आरशात मीच बसलो होतो.

तिथून तडक अमरावतीला, माझ्या जुन्या वकील सरांकडं. त्यांनी सगळे कागद शांतपणे लावले. म्हणाले, स्वीकार हा जसाच्या तसा लागतो. त्यात आपली अट घातली की तो स्वीकार राहत नाही, नवा प्रस्ताव होतो. म्हणजे तुम्ही एकमेकांना नुसते प्रस्तावच पाठवत बसलात. पण माल दिला, घेतला, वापरला, तेव्हा करार झाला हे खरं. कुणाच्या अटींवर? शेवटचा कागद कुणाचा, आणि तो पाहून समोरच्यानं काम कसं केलं, यावर वाद चालेल. तुझ्या पत्रानंतर त्यांनी मशीन बनवलं, म्हणून तू जिंकलास म्हणता येईल. त्यांच्या चलनावर तू माल उतरवलास, म्हणून ते जिंकले असंही म्हणता येईल. वर तुझा तो शिक्का. "दोन्हीकडून मी लढू शकतो," सर म्हणाले. आधी कोर्ट अमरावतीचं की अकोल्याचं, यावरच इतकी वर्षं जातील की प्रेस भंगारात निघेल. उपाय मात्र साधा होता. 'दोघांचे सगळे हक्क राखून' असं दोन ओळींत लिहून घ्या आणि आधी मशीन चालू करा. मग कोणी कोणाकडं गेलं, यावरून काही ठरणार नाही.

तो कागद करायला मी परत अकोल्याला गेलो, तर आधी सही कोणी करायची यावर आम्ही आणखी एक चहा संपवला. शेवटी दोन प्रती काढल्या, प्रत्येकानं एकेकीवर सही केली आणि मग अदलाबदल केली. शहाण्या माणसांना हे सुचायला एक संध्याकाळ लागली.

चाचांचा फिटर दुसऱ्या दिवशी सिलिंडर घेऊन आला आणि जेवणाच्या सुट्टीआधी प्रेस सुरू करून गेला. हॉल रिकामा होऊ लागला. मी धावत फाटकाकडं गेलो. रस्ता मोकळा होता. आमच्याकडं घेणं बंद म्हटल्यावर बंड्या पुढच्या जिनिंगवर वळल्या होत्या, आणि वळलेली बंडी त्या हंगामात परत येत नसते.

मामा फाटकाशी खुर्ची टाकून बसले होते. मी शिव्यांची तयारी करूनच गेलो होतो. त्यांनी शिव्या दिल्या नाहीत. म्हणाले, तो तुझा फॉर्म आण, मागचं वाचून दाखव. मी सगळ्या अटी वाचल्या. मग चाचांच्या वाचायला लावल्या, त्याही वाचल्या. डिलिव्हरीला उशीर झाल्यावर काय, वाटेत मोडलं तर काय, बिघडल्यावर कोणी कुठं जायचं, भांडण झाल्यावर कोणतं कोर्ट. मामा डोळे मिटून ऐकत होते. वाचून झाल्यावर त्यांनी डोळे उघडले.

"याच्यात कुठी असं लिवलं हाय का बापू, का मशीन चालली पायजे?"

मी माझा कागद उलटा केला. मग चाचांचा केला. मग पुन्हा माझा.

"नाही," मी म्हटलं.

मामांनी मान हलवली, उठले, आणि फाटक लावून घ्यायला सांगितलं.