पाली हिलचे बावीस फ्लॅट

सहदेव परबचा बायोडाटा मी स्वतःच्या हाताने बाद केला होता. खोटं कशाला बोलू? त्याच्यावर लाल पेन्सिलने फुली मारली आणि खाली लिहिलं, "आपल्या कामाचा नाही."

साल शहाऐंशी. मुलुंडला शिवदास शेठ बिल्डरच्या ऑफिसात मी सगळंच करायचे. टायपिंग, अ‍ॅग्रीमेंटचे कागद, गिऱ्हाइकांची बडबड ऐकणं, शिवाय शेठचा राग. नाहूरला आमची बिल्डिंग उभी राहत होती; तिथे तेव्हा स्टेशन नव्हतं. सगळे वन रूम किचन, आणि बुकिंग अगदी थंड. म्हणून शेठने पेपरात जाहिरात दिली: सेल्सचा माणूस पाहिजे, ओनरशिपच्या छोट्या घरांचे निदान पंचवीस सौदे पुरे केलेला, मुलुंड ते भांडुप परिसर माहीत असलेला, गिऱ्हाइकाला बुकिंगपासून चावी मिळेपर्यंत सांभाळणारा.

बायोडाटा आले अकरा. मी फुलस्केप कागदावर चार रकाने आखले. सौदे किती, घरं कुठल्या प्रकारची, इलाख्याची ओळख, गिऱ्हाइकाची बडदास्त. वाचायला बसले आणि डोकंच फिरलं. अकरांपैकी सात जणांनी पाली हिलला बावीस आलिशान फ्लॅट विकले होते! तेच बावीस, तेच पाली हिल, "अत्यंत प्रतिष्ठित ग्राहकवर्ग" हे शब्दसुद्धा तेच. मग कळलं, स्टेशनबाहेर एक टायपिस्ट बसतो, तो सगळ्यांना एकच मजकूर छापून देतो आणि वरचं नाव फक्त बदलतो.

सातही फाइलीखाली गेले. त्यात सहदेव परब एक.

चौथ्या दिवशी तो ऑफिसात हजर. चाळिशीचा, काटकुळा, पायात झिजलेल्या चपला, काखेत जाड डायरी. गिरणीचा संप मोडला तशी याची नोकरी गेली, तेव्हापासून भांडुपला घरांची एजंटगिरी करायचा.

"बाई, मला बोलावणं का नाही आलं? सांगा ना, माझं काय चुकलं?"

"अहो परब, आम्ही नाहूरला वन रूम किचन विकतो. तुम्ही पाली हिलवाले. आमच्याकडे तुमचा जीव रमायचा नाही."

"पाली हिल?" त्याने तोंडाचा आ वासला. "आईशप्पत बाई, मी वांद्र्याला फक्त मतमावलीच्या जत्रेला गेलोय!"

मी तो कागद पुढे ओढला आणि मराठीत वाचून दाखवला. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "इंग्रजीत होतं ना. तो म्हणाला, असंच लिहावं लागतं. मी सही केली."

मला राग आला आणि हसूही आलं. असा कसा हा माणूस! न वाचता सही करतो, आणि हाच दुसऱ्यांना सही करायला लावणार?

"खरे सौदे किती?"

"एकतीस, बाई. अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर झालेले. बयाणा देऊन मोडलेले नऊ, ते वेगळे."

मी चमकले. एजंट लोक बयाणा हातात पडला की सौदा झाला म्हणतात. मोडलेले वेगळे मोजणारा मला आजवर भेटला नव्हता. डायरी उघडली. प्रत्येक घराला एक पान. घेणाऱ्याचं नाव, घर किती स्क्वेअर फूट, कर्ज कुठून, रजिस्ट्रेशनची तारीख. एकतीसच्या एकतीस वन रूम किचन, नाहूर नाहीतर भांडुप.

त्यात एक नाव ओळखीचं निघालं. मीरा, मी राहते त्या भांडुपच्या बिल्डिंगमधली, शाळेत शिकवणारी. संध्याकाळी तिच्या दारात जाऊन विचारलं. ती म्हणाली, "परबदादा? अगं, बिल्डर अ‍ॅग्रीमेंटआधीच अर्धे पैसे मागत होता. दादांनी अडवलं. म्हणाले, रजिस्टर झाल्याशिवाय वीस टक्क्यांच्या वर एक रुपया द्यायचा नाही, कायदा आहे. चावी मिळाल्यावर पाण्याच्या कनेक्शनसाठीसुद्धा तेच खेटे घालत होते."

दुसऱ्या दिवशी चारही रकाने मी नव्याने भरले. माणूस जाहिरातीसाठीच जन्माला आल्यासारखा! लाल फुली खोडरबराने घासून काढली आणि चार दिवसांनी शेठ गावाहून परतले तसा कागद त्यांच्यासमोर ठेवला. सहदेवला समोरच्या खुर्चीत बसवलं. तो खुर्चीच्या कडेला टेकला होता. पोरीची बारावीची फी भरायची होती, आणि एजंटगिरीत दोन महिने काही सुटलं नव्हतं, हे मला त्यानेच सांगितलेलं.

शेठने डायरी चाळली, मान डोलावली. मग मोडलेल्या नऊंच्या पानावर त्यांचं बोट थांबलं.

"अरे! आ तो आपडी बिल्डिंग! चार गिऱ्हाइक आमचे तू तोडले?"

 ही पानं मी बघितलीच नव्हती. वाट लागली!

सहदेव उठून उभा राहिला. "तोडले नाही शेठ, तुटले. तुमच्या पत्रकात लिहिलंय, मुलुंड स्टेशनपासून पाच मिनिटं. बयाणा चौघे स्वतःच इथे देऊन गेले, मग मी त्यांना स्टेशनपासून चालवत नेलं. बावीस मिनिटं लागली. ते म्हणाले, पहिल्याच ओळीत खोटं, तर पुढे काय?"

"पाचच मिनिट! मी स्वतः मोजले आहे!"

"कशाने, शेठ?"

मी पटकन म्हणाले, "फियाटने." न बोलून करते काय! ते पत्रक मीच टाइप केलं होतं.

शेठचा चेहरा लालबुंद झाला. मला वाटलं, आता दोघांनाही बाहेर काढणार. पण सहदेव शांतपणे म्हणाला, "शेठ, बावीस लिहा. बिल्डिंगजवळून स्टेशनला बस जाते, तिची वेळ मी काढून देतो. बाजूला शाळा आहे, ती पत्रकात नाहीच. जमिनीच्या मालकीचे, टायटलचे कागद स्वच्छ आहेत, तेही नाही. माणूस चालायला तयार असतो हो, फसायला नसतो. त्या चौघांपैकी दोघांना अजून घर मिळालेलं नाही. मी आणतो परत."

शेठने डायरी मिटली. माझ्याकडे वळून म्हणाले, "बेन, हा माणूस दुसऱ्या बिल्डरकडे गेला तर आपली वाट लावेल. पहिली तारखेपासून याला इथेच बसवा."

सहदेवने हात जोडले, डोळे पुसले. मलाही भरून आलं, खरं सांगते. मी म्हटलं, "जा, घरी सांगा लवकर. बायकोला आनंद होईल."

तो जागचा हलेना. डायरी या काखेतून त्या काखेत.

"आता काय झालं?"

"बाई, एक कागद लागेल. कंपनीच्या शिक्क्याचा."

"मिळेल की नेमणुकीचा."

"तो नाही." त्याने डायरी टेबलावर ठेवली. "तुम्ही वाचून दाखवलात त्या दिवशी घरी मी सगळं बायकोला, शेवंतीला सांगून बसलो. टायपिस्टने काय लिहिलंय ते. तिला तेच खरं वाटलं. म्हणते, पाली हिलला बावीस फ्लॅट विकलेस, त्याचे पैसे कुणाच्या घरात घातलेस? पाच दिवस झाले, मला जेवायला वाढत नाही."

शेठ खुर्चीत मागे रेलून असे हसले की चष्मा पडला. मी कंपनीचं लेटरहेड मराठी मशीनला लावलं आणि टाइप केलं: "दाखला देण्यात येतो की श्री. सहदेव परब यांनी पाली हिल येथे आजतागायत एकही फ्लॅट विकलेला नाही." शेठने सही केली, शिक्का मारला.

या वेळी मात्र सहदेवने अक्षर न् अक्षर वाचलं. मग कागद घडी करून वरच्या खिशात ठेवला आणि जेवायला घरी गेला.