पहिल्या फोनचे अकरा प्रश्न

कुवेतमधल्या सुलैबियातल्या प्लास्टिक पाइपच्या कारखान्याने नकार कळवला, तेव्हा मी त्यांच्यासाठी चौथ्या डेमोची तयारी करत होते. तीन महिने मी त्यांच्यामागे होते. दोन ओळींची मेल आली: मालकांच्या दुसऱ्या कंपनीत जी सिस्टीम आहे, तीच इथेही बसवणार. हे आमच्या पहिल्या भेटीआधीच ठरलं होतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

आमची कंपनी दुसऱ्यांनी बनवलेलं, उत्पादन आणि साठा सांभाळणारं सॉफ्टवेअर मध्यम आकाराच्या कारखान्यांना विकते आणि बसवून देते. पुण्यात मी प्रॉडक्शन प्लॅनिंग करायचे, म्हणून मला इथे घेतलं. साहेब त्या दिवशी एवढंच म्हणाले, "नव्या गिऱ्हाइकाला पहिल्या फोनवर काय विचारायचं, त्याची चेकलिस्ट कर. गुरुवारपर्यंत."

मी बेचाळीस प्रश्न काढले. माल ऑर्डरप्रमाणे बनवता की साठ्यासाठी? एका वस्तूला कच्चे माल किती? बॅच नंबर ठेवता का? यादी बघून मलाच बरं वाटलं. मग अर्दियाजवळच्या पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्याच्या मॅनेजरना फोन लावला. चौकशी त्यांनीच पाठवली होती, आणि गृहस्थ नाशिकचे निघाले. चौदाव्या प्रश्नाला ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही माझी परीक्षा घेताय का?" आणि मीटिंग आहे म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मला खुर्चीत बसवेना. जिन्यापर्यंत जायचे, परत यायचे. आमच्याकडे वीस वर्षं विक्रीत असलेले रत्नागिरीकडचे एक जण होते. आम्ही त्यांना भाई म्हणायचो. तिसऱ्या फेरीला त्यांनी मला अडवलं.

"भाई, पहिल्या फोनवर तुम्ही काय विचारता?"

"थोडं विचारायचं नि गप ऱ्हायचं."

मला चिडायला झालं. गप राहणं चेकलिस्टमध्ये कसं लिहायचं? मग आम्ही दोघांचे जुने कॉल ऐकले, समोरच्याला सांगून रेकॉर्ड केलेले. माझ्या कॉलमध्ये बहुतेक वेळ मीच बोलत होते. भाई विचारत, "हा त्रास तर जुना. मग आत्ताच फोन का केलात?" आणि थांबत. इतके थांबत, की मला ऐकताना अस्वस्थ व्हायचं. मग पलीकडचा माणूस खरं सांगायला लागायचा.

मी यादी फाडली. बॅच, कच्चा माल, असलं सगळं दुसऱ्या भेटीवर ढकललं. अकरा प्रश्न उरले, त्यांतले मुख्य हे. आत्ताच का? काहीच केलं नाही तर काय बिघडेल? आज काम कशावर चालतं? रक्कम मंजूर आहे का, की अजून मागायची आहे? केव्हापर्यंत हवंय, आणि तीच तारीख का? तुमच्याकडून वेळ कोण देणार? सही कोणाची? शेवटचा भाईंनी सांगितलेला: हे कोण थांबवू शकेल? प्रत्येकाखाली त्यांचं उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहायला जागा ठेवली. तळाशी मी एक ओळ टाकली: सही करणारा भेटणार नसेल, तर डेमो नाही.

साहेब त्या ओळीवर अडले. "आपण विकायला बसलोय, हाकलायला नाही."

"सर, तीन डेमो दिले आपण त्या पाइपवाल्यांना."

त्यांनी ती ओळ खोडली नाही. होही म्हणाले नाहीत.

रविवारी, इथल्या आठवड्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी, मी खोकीवाल्या मॅनेजरना पुन्हा फोन केला. आधी माफी मागितली, मग पहिला प्रश्न विचारला आणि टेबलाची कड धरून थांबले. ते म्हणाले, "मागच्या महिन्यात एक्सेलमध्ये कागदाचे रोल दिसत होते, गोदामात नव्हते. मोठ्या गिऱ्हाइकाची ऑर्डर अडकली. आता पुन्हा तसं झालं तर ते गिऱ्हाईक जाईल."

"सही कोणाची लागेल?"

"मालकांच्या मोठ्या भावाची. पण ते कोणाला भेटत नाहीत. तुम्ही डेमो द्या, मी सांगतो त्यांना."

मी यादीच्या तळाच्या ओळीकडे बघितलं. "त्यांची वीस मिनिटं मिळाली तरच डेमो ठेवूया. नाहीतर तुमचाही वेळ जाईल."

"बघतो," एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला.

नंतरचे दहा दिवस वाईट गेले. मी दर तासाला मेल बघायचे. साहेब रोज विचारायचे, "आला का फोन?" घरी नवरा म्हणाला, "तू जेवताना पाय हलवतेस." अकराव्या दिवशी भेटीची वेळ मिळाली.

मोठे भाऊ शांत होते. मी तेच प्रश्न विचारले. ते म्हणाले, "यंदा नवीन मशीन घेतोय. सॉफ्टवेअर पुढच्या वर्षी. मॅनेजरला हे मी सांगितलं नव्हतं." बाहेर आल्यावर मॅनेजर ओशाळून म्हणाले, "मला खरंच माहीत नव्हतं हो."

मी साहेबांना सगळं सांगितलं. ऑर्डर गेलीच होती. त्यांनी माझा भरलेला कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "पुढच्या वर्षी कोणत्या महिन्यात?" मी विचारलं नव्हतं. त्यांनी स्वतःच्या पेनाने तो प्रश्न यादीत वाढवला, तळाची ओळ तशीच ठेवली आणि ती यादी विक्रीतल्या सगळ्यांना पाठवायला दिली.