नूरमोहम्मद मास्तरांचे बाण

नूरमोहम्मद मास्तरांविषयी चांगलं बोलायचं म्हटलं की आजही आधी माझ्या पोटात दुखतं. तरी सांगतो.

१९५७ साली चिंचवडच्या आमच्या हायस्कुलात मी शास्त्र शिकवायचो, ते चित्रकला. मी बी.एस्सी.; ते दुकानांच्या पाट्या रंगवता रंगवता मास्तर झालेले. माझ्या तासाला जांभया देणारी मुलं मधल्या सुट्टीत त्यांच्याभोवती गोळा व्हायची. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

त्या वर्षी हेडमास्तर अर्जुनरावांनी फर्मान काढलं. सजीव एकमेकांवर कसे जगतात, हा अकरा पानी धडा एका फुलस्केपवर आणायचा, नावं दिलेल्या आकृतीत. मजकूर माझा, चित्र त्यांचं. चांगला उतरला तर कागद पुण्याच्या शिक्षक संमेलनात जाणार होता. माझी अडीच पानं हेडमास्तरांनी पाच ओळींवर आणली. चित्राला हातही लावला नाही.

मोशीचा इंद्रायणीचा डोह होता तो. वर सूर्य. पाण्यात शेवाळ, ते खाणाऱ्या डासांच्या अळ्या, अळ्या खाणारे छोटे मासे, मासे टिपणारा बगळा. काठावर गवत, नाकतोडा, बेडूक. बेडूक बगळ्यालाही लागतो आणि पाण्यातल्या दिवड सापालाही, म्हणून रेघा एकमेकींत गुंतलेल्या. तळाशी मेलेलं सगळं कुजवून माती करणारी बुरशी आणि जिवाणू. प्रत्येकाशेजारी नाव, आणि तो उत्पादक, भक्षक की विघटक तेही. फक्त बाणांची टोकं राहिली होती.

"उद्धवराव, टोक कुनाकडं?" त्यांनी मला विचारलं. "मला वाटतं, अन्न जिकडं जातंय तिकडं. माशाकडनं बगळ्याकडं."

अगदी बरोबर होतं. तेच मला सोसलं नाही. मी म्हणालो, बगळा माशाला खातो, तेव्हा टोक माशाकडे. पुण्यात चार शास्त्रशिक्षक या चित्राला हसतील, एवढंच मला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रती काढायचा मेणकागद, सायक्लोस्टाइलचं स्टेन्सिल, कोरून आणलं. सगळे बाण उलटे. कोपऱ्यात एकच नाव होतं, माझं. मी कारण विचारलं, तर म्हणाले, चित्र कुणीही काढेल, चूक-बरोबर पारखणाऱ्याचं नाव हवं.

खरं सांगतो, आधी लाज वाटली नाही, भीती वाटली. लोक आता मलाच हसणार होते. मी घाईघाईनं म्हणालो, टोकांबाबत माझी चूक झाली.

"मला कालच वाटलं व्हतं," ते म्हणाले. "पर शास्त्रात तुमास्नी कसं खोटं पाडू?"

दुपारभर बसून त्यांनी एकेक टोक दुरुस्तीच्या लाखेनं बुजवलं, वाळू दिलं आणि दुसऱ्या अंगाला कोरलं. माझं नाव तेवढं तसंच ठेवलं.

पुण्याहून कौतुकाचं पत्र आलं, माझ्या नावानं. शिक्षकांच्या खोलीत ते मोठ्यानं वाचून दाखवलं नूरमोहम्मद मास्तरांनी, आणि वाचताना त्यांना झालेला आनंद खरा होता. त्या आनंदाचाही मला हेवा वाटला.