मास्तरांचं मधलं बोट

माझे दाजी कोट शिवतात. सगळे त्यांना मास्तर म्हणतात, मी मात्र दाजीच म्हणतो. त्यांच्याकडे मी कापड बेततो आणि त्यांची बोलणीही खातो. कोटाची काजं ते अजून हातानं करतात. मधल्या बोटात अंगुस्तान, म्हणजे धातूचं टोपण, घालून, ते बोट वाकवून सुई रेटायची, असं दिवसभर चालतं. काज मशीनवर टाकू या म्हटलं की त्यांचं डोकं फिरतं.

रविवारी मैदानात ते विकेटकीपिंग करतात. वय झालं तरी हौस फिटत नाही. त्या रविवारी चेंडू थेट उजव्या मधल्या बोटाच्या टोकावर बसला. संघातल्या एका शहाण्यानं बोट ओढून ‘कट्ट’ वाजवायचा प्रयत्न केला. दाजींनी त्याला अशा शिव्या घातल्या की पंचही हसायला लागला.

सोमवारी बोटाचं शेवटचं पेर खाली लोंबत होतं. दुसऱ्या हातानं उचललं की सरळ व्हायचं, सोडलं की पडायचं. दुखणं फारसं नव्हतं, म्हणून दाजी म्हणाले, “मुका मार आहे, जाईल.” माझी ताई, म्हणजे त्यांची बायको, त्यांना जवळजवळ ओढतच दवाखान्यात घेऊन गेली. मीही सोबत होतो.

एक्स-रेमध्ये हाड शाबूत निघालं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, “पेर वर उचलणारी शीर, म्हणजे स्नायूची दोरी, तुटली आहे. टोकं एकमेकांना टेकून राहिली तरच ती जुळते. त्यासाठी ही कडक पट्टी सहा ते आठ आठवडे, रात्रंदिवस. मधला सांधा मोकळा आहे, तो हलवा. पण टोक एकदाही खाली पडू द्यायचं नाही. धुवायचं असलं तर हात टेबलावर सपाट ठेवून पट्टी काढा.”

“आणि पडलं तर?”

“पहिल्यापासून सुरुवात. आणि तसंच सोडलंत तर बोट कायमचं वाकडं.”

दाजींचा चेहरा पडला. वाकडं बोट म्हणजे अंगुस्तान बसणार नाही, आणि अंगुस्तान नाही तर हातची काजं नाहीत. त्या दिवसापासून ते मुकाट मशीन चालवत राहिले. काजं राहिलेले कोट खुंटीवर साठत गेले. गिऱ्हाइकांना थोपवायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

पण आमच्या धंद्याची एक खोड आहे. कच्चे टाके घालायचे, कोट अंगावर चढवून बघायचा, मगच पक्की शिलाई. न बघता पुढे जाणं दाजींना जमतच नाही. चौथ्या आठवड्यात मी चहा घेऊन आलो तर पट्टी टेबलावर आणि दाजी बोट दुमडून बघतायत!

“दाजी, हे काय करताय?”

“ट्रायल घेतोय रे. धरलंय की नाही, ते नको का कळायला?”

त्यांनी बोट सरळ करायला घेतलं. पेर अर्ध्यावर आलं आणि तिथून खाली गेलं. चहा तसाच गार झाला.

डॉक्टरीणबाई चिडल्या नाहीत, हेच वाईट वाटलं. “जुळत आलेली शीर ताणली गेली. आता पुन्हा पहिल्यापासून. यातच बरं होण्याची आशा आहे, पण अगदी पूर्वीसारखं होईलच असं नाही,” एवढंच म्हणाल्या.

त्यानंतर पट्टी बदलायचं काम ताईनं हातात घेतलं. दाजींचा पंजा टेबलावर ठेवायचा, पेराखाली स्वतःचा अंगठा घालायचा, ओल्या फडक्यानं बोट पुसून कोरडं करायचं आणि पट्टी पुन्हा बांधायची. तोपर्यंत दाजींनी श्वासही जपून घ्यायचा. कारागिरीच्या हाताला कुणाला बोट लावू न देणारा हा माणूस आठवड्यांमागून आठवडे लहान मुलासारखा बसून राहिला. एकदा ताईच्या डोळ्यांतून पाणी आलं, तेव्हा ते म्हणाले, “अगं, पट्टी भिजेल.” मला हसू आलं आणि गलबलूनही आलं.

शेवटी दवाखान्यात पट्टी निघाली. “उचला,” बाई म्हणाल्या. ताईनं माझा दंड घट्ट धरला.

पेर वर आलं. तिथेच थांबलं, पडलं नाही. फक्त टोकाला किंचित झुकाव राहिला होता.

“एवढा राहील बहुधा. पण काम होईल,” बाई म्हणाल्या. “अंगुस्तान आत्ताच नको. हळूहळू वाकवायला लागा, आणि रात्री काही आठवडे पट्टी चालूच ठेवा.”

दाजींनी दोन्ही हातांची मधली बोटं शेजारी शेजारी धरली. बाह्या जुळवताना बघतात, तसं बराच वेळ बघितलं. मग ताईकडे वळले.

“फरक आहे गं थोडा. गिऱ्हाइकाचा कोट असता तर उसवला असता.” आणि मग हळूच म्हणाले, “हे मात्र आता उसवायचं नाही.”