पडद्याची झालर आणि नऊ पत्रं

पहिला भाव कधी घ्यायचा नाही, हे मी जिन्याखाली मशीन टाकून पडदे शिवत होते तेव्हाच शिकले. आज लालबागला माझं स्वतःचं दुकान आहे ते याच शहाणपणावर. आणि याच शहाणपणाने कमिटीच्या खोलीत चारचौघांत माझी शोभा केली.

आमच्या गल्लीच्या गणपती मंडळाच्या मंडपाची झालर बावीस वर्षं मी शिवली. त्या वर्षी ते काम माहीमच्या कुणाला तरी दिलं. मला ते भाजीवाल्याकडून कळलं. मंडळाचा अध्यक्ष आमच्याच चाळीतला, माझ्याहून बराच लहान. त्याची शाळेची चड्डी मी शिवलेली. दुकानावरून रोज जायचा, पण दोन पायऱ्या चढून सांगायला त्याला जमलं नाही.

मी पत्र द्यायचं ठरवलं. माझ्या भाचीने फोनमध्ये उत्तरं लिहून देणारं ते अॅप घालून दिलं होतं. त्याला मी सगळं बोलून सांगितलं: बावीस वर्षं, भाजीवाला, चड्डी. त्याने पत्र लिहिलं. वाचलं तर अगदीच मिळमिळीत. उत्तराखाली गोल बाणाची खूण होती, ती दाबली की दुसरं पत्र येतं, एवढं मला ठाऊक होतं. दाबली. दुसरंही पसंत पडलं नाही. पुन्हा दाबली. कापडवाल्याला ‘दुसरा तागा दाखव’ म्हणावं तसं आठ वेळा म्हटलं. नवव्या पत्रात ‘सात दिवसांत लेखी खुलासा’ आला, तेव्हा वाटलं, आला बेटा भावावर. मग त्यालाच पुढे सांगितलं, माझ्या झालरीचा रंग कधी उतरला नाही हेही घाल. त्याने घातलं. आधीची आठ गेली असं मी धरून चालले. नाकारलेला माल दुकानदार आत ठेवतो, आपल्याला काय त्याचं?

संध्याकाळी कमिटीच्या खोलीत गेले. रागाने मी अध्यक्षाला अहो-जाहो करत होते.

“वाचा,” म्हणून फोन त्याच्या हातात दिला.

त्याने चष्मा लावला. “ताई, खुलासा? माझा?”

“तुमचाच.”

पत्र वर सरकवता सरकवता त्याचा अंगठा कुठेतरी लागला आणि रंगाचं वाक्य घातलेलं पत्र गायब झालं. खाली काहीच नाही.

“माझं पत्र पुसलंस तू,” मी म्हणाले. अहो-जाहो तिथेच संपलं.

“मी कशाला पुसू? इथे दोन बाणांच्या मध्ये आठ भागिले नऊ असं काहीतरी आलंय.”

मी माझ्या फोनसाठी हात पुढे केला, त्याने तो मागे घेतला. शेवटी तिथेच बसलेल्या मंडळाच्या खजिनदाराच्या फोनवरून भाचीला लावला आणि स्पीकर चालू केला.

“मावशी, काही पुसलेलं नाही,” ती म्हणाली. “ते नऊपैकी आठवं पत्र आहे. तू पुढचं बोलणं नवव्याखाली केलंस, म्हणून ते नवव्याखालीच दिसणार. उजवा बाण दाब.”

“म्हणजे सगळी नऊ आहेत यात?”

“सगळी. आणि तू बाण दाबलास तेव्हा त्याला तू काय नाकारलंस ते कळत नव्हतं. तोच प्रश्न ते प्रत्येक वेळी नव्याने सोडवत होतं.”

म्हणजे ज्याच्याशी मी अर्धा तास घासाघीस केली, त्याला घासाघीस चालू आहे याचाच पत्ता नव्हता. खजिनदार मान खाली घालून हसत होता. अध्यक्ष मात्र उजवा बाण सोडून डावाच दाबत बसला होता. सात, सहा, पाच. मध्येच ‘कायदेशीर कारवाई’ वाचून म्हणाला, “बाप रे, चौथ्यात मी जेलमध्ये जातोय.”

एकवर येऊन तो थांबला. मग मोठ्याने वाचलं: “काम दुसऱ्याला दिलं याचं वाईट वाटलं. पण ते मला तुझ्याकडून नाही, भाजीवाल्याकडून कळलं, याचं जास्त वाटलं.”

हे वाक्य मी सकाळी मिळमिळीत म्हणून टाकलं होतं.

“हे खरं पत्र आहे, ताई,” तो म्हणाला. “यायला धीर झाला नाही. तू ओरडशील म्हणून.”

“ओरडलेच असते.”

“मग? झालर दिली, माहीमवाल्याला शब्द देऊन बसलो. दरवाजाचा मोठा पडदा अजून कुणाला दिलेला नाही. तो घे.”

“पडदा आणि पुढच्या वर्षी झालर.”

“ताई, पहिला भाव घे की गं एकदा.”

मी फोन परत घेतला. एक भागिले नऊ तसंच पडद्यावर होतं. “बरं,” म्हणाले, “पडदा. पण उद्या दुकानात येऊन सांगायचं, दोन्ही पायऱ्या चढून.”

तो आला. चहा घेतला, बिस्किटंही खाल्ली. रुसवा मी अर्धाच सोडला आहे. उरलेला अर्धा पुढच्या वर्षीच्या झालरीसाठी ठेवलाय.