पत्रात 'नाही' कुठे होतं

पिंपरीची नोकरी सोडताना साहेबांनी मला अडवून धरलं, असं मी वर्षानुवर्षं सांगत आलो. सासुरवाडीत तर चवीने सांगितलं. ते खरं नाही. साहेब आता नाहीत, म्हणून हे लिहून टाकतो.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी टूलरूममध्ये सुपरवायझर होतो. भोसरीच्या एका लहान कारखान्यात डाय, म्हणजे धातूचे सुटे भाग घडवायचे साचे, स्वतः डिझाइन करायचं काम मिळालं. आमच्याकडे दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर माझा जन्म गेला असता. मी एक महिन्याच्या नोटिशीसह राजीनामा दिला.

आमच्या वर्क्स मॅनेजर साहेबांनीच मला हाताला धरून शिकवलं होतं. त्यांनी बोलावलं. "असिस्टंट फोरमन करतो. रात्रपाळी बंद. घरी बोल आणि लेखी कळव."

मी लिहिलं : 'आपल्या विश्वासाने भारावून गेलो आहे. आपला शब्द मोडण्याची माझी प्राज्ञा नाही. तरी माझ्या मनाचा विचार व्हावा, ही विनंती.' सुज्ञ माणसाला नकार कळायला एवढं पुरे, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी माझ्यादेखत राजीनामा फाडला आणि टूलरूममध्ये पेढे वाटले. मी एक खाल्ला. थँक्यूही म्हणालो.

घरी बायकोने पत्राची कच्ची प्रत वाचली. "अहो, यात 'नाही' कुठे आहे?"

"आहे की. प्राज्ञा नाही."

"ते 'नाही' उलट्या बाजूचं झालं, त्याचा अर्थ तुम्ही राहणार. भाजीवाल्यालाही तुम्हाला नाही म्हणवत. काल चार दुधी आणलेत."

"मग भोसरीला काय कळवू?"

"भोसरीला काही नको. साहेबांना लिहा. पहिल्याच ओळीत."

तिच्यासमोर बसून लिहिलं : 'आपण देऊ केलेली जागा मी स्वीकारू शकत नाही, देऊ केलीत याबद्दल मनापासून आभार. माझा राजीनामा कायम आहे. नोटिशीचा महिना पूर्ण करीन आणि आपण सांगाल त्याला सगळं काम समजावून देईन. आपल्याकडे शिकलो, हे विसरणार नाही.' मला मध्ये 'बहुधा' घालायचं होतं. तिने घालू दिलं नाही.

साहेबांनी वाचून चष्मा काढला. "मग काल पेढा कशाला खाल्लास?"

"आपण दिलात. नाही कसं म्हणणार?"

"आणि फोरमनच केलं तर?"

'आपण म्हणाल तसं' अगदी ओठांवर आलं होतं. मी पत्राच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणालो, "नाही, साहेब."

त्यांनी पत्राची घडी करून खिशात ठेवली. "आता कळलं. नवा राजीनामा लिहून दे, जुना मी फाडलाय. तारीख जुनीच घाल, तुझे दिवस फुकट जायला नकोत."

त्यांनी अडवलं ते एवढंच.

काही वर्षांनी त्यांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली. खाली त्यांच्या हातची ओळ होती : 'येणार की नाही, ते पहिल्याच ओळीत कळवणे.'